तीस टक्के म्हणजे नापास नव्हे



गेले चार महिने इथे काही लिहिलं नाही, म्हणून दोघीतिघींनी फोन करून चौकशी केली. आमच्या यांची तब्येत बिघडली होती. आता बरं आहे. पण त्या दिवसांत डॉक्टरांनी आम्हा घरच्यांसाठी एक पत्र लिहून दिलं होतं, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

सुरुवात खोकल्यापासून झाली. मे महिन्यात यांना रात्री आडवं झालं की खोकला यायचा. मी अडुळसा दिला, हळदीचं दूध दिलं, पंख्याला दोष दिला. मग एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. एके रात्री दोन वाजता हे खिडकीशी बसून धापा टाकत होते आणि पायात सकाळी मोज्यांचे वळ उठलेले. नडगीवर बोट दाबलं तर खड्डा पडून तसाच राहिला. तोवर महिना गेला होता, ही चूक माझीच.

दवाखान्यात रक्त तपासलं, इको काढला, दोन दिवसांनी अँजिओग्राफी झाली. मोठं ब्लॉकेज कुठेच नव्हतं, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास टाकला, आणि कागदावर बघते तर लिहिलेलं, "हार्ट फेल्युअर, ई.एफ. ३०%". मुलाने पुण्याहून फोनवर ते वाचलं आणि गप्पच झाला. वन्सं रडायलाच लागल्या. मी कॉमर्सची, मला आपलं वाटलं, पास व्हायला पस्तीस लागतात, पाच मार्कांनी गेले.

डॉक्टर तरुण आहेत, आमच्या धाकट्याच्या वयाचे. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी दोन पानी पत्र हातात दिलं. म्हणाले, "काकू, आज मी जे सांगेन त्यातलं निम्मं तुम्ही जिन्यातच विसराल. घरी गेल्यावर सगळे मिळून वाचा." ते पत्र आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजवर चार महिने आहे.

पहिलंच वाक्य असं होतं: हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडलं असं नाही, हृदय चालू आहे, पण शरीराला हवं तेवढं रक्त ढकलायला ते कमी पडतंय. पुढे त्या तीस टक्क्यांचा खुलासा. निरोगी हृदयही प्रत्येक ठोक्याला पूर्ण रिकामं होत नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी साधारण पंचावन्न ते सत्तर टक्के रक्तच बाहेर पडतं. यांचं तीस पडतंय. म्हणजे तुलना शंभराशी करायची नाही, साठाशी करायची. "हृदय तीस टक्केच उरलंय, असं कोणी म्हणालं तर त्यांना हे पान दाखवा," असंही खाली लिहिलेलं. वन्संना दाखवलं.

कारणही स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते वाचताना हे खाली बघत होते. पंधरा वर्षांचा रक्तदाब. गोळी बरं वाटलं की बंद, उपवासाला बंद, प्रवासात विसरलेली. वाढलेल्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकून सैल पडतो आणि कप्पा फुगतो. हे सगळं दुखल्याखुपल्याशिवाय होत राहतं.

मला सगळ्यात जास्त कळलं ते पाण्याचं. मी समजत होते की हृदयाचं दुखणं म्हणजे छातीत कळ. मग पाय का सुजतात? डॉक्टरांनी लिहिलं होतं, की मूत्रपिंडांपर्यंत रक्त कमी पोचलं की त्यांची समजूत होते, शरीरातलं पाणी कमी झालंय. म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. हेतू चांगला, पण हिशोब चुकलेला. ते जादा पाणी दिवसा पायांत उतरतं, आणि रात्री आडवं झाल्यावर तेच परत रक्तात येऊन फुप्फुसांत साचतं. म्हणून खोकला, म्हणून तीन उश्या. माझ्या अडुळशाचा काय पाड लागणार!

त्यावरूनच रोजचं वजन आलं. अंगात एक लिटर पाणी साचलं की काट्यावर एक किलो वाढतं, आणि सूज दिसायच्या आधी काटा सांगतो. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर वाट न बघता फोन करायचा. हे काम मी घेतलं. जुन्या रोजकीर्दीच्या वहीत तारीख, वजन, रक्तदाब आणि रात्री किती उश्या, असे चार रकाने आखले. वस्तू जमा आणि खर्च पडत नसतील तर वहीत दिसतंच, तसंच हे.

आणि दिसलंच. जुलैमध्ये पुतण्याच्या मुलाच्या बारशाला गेलो. घरात मी मीठ मोजून टाकत होते, तिघांच्या दिवसभराच्या स्वयंपाकात तीन सपाट चमचे, त्याहून जास्त नाही. तिथे मसालेभात, पापड, मीठ घातलेलं ताक, आणि येताना पिशवीभर भडंग. ते भडंग दोन दिवस चहाबरोबर चाललं. वही सांगते: सोमवारी ६८.४, मंगळवारी ६९.१, बुधवारी ६९.९, गुरुवारी ७०.७. तीन दिवसांत दोन किलो तीनशे ग्रॅम, आणि उशी एकाची दोन. खाण्याने तीन दिवसांत एवढं वजन चढत नाही, ते पाणीच. हे म्हणत होते, "उद्या बघू." मी फोन केला. डॉक्टरांनी लघवीची गोळी तीन दिवस दुप्पट करायला सांगितली, चौथ्या दिवशी रक्त तपासून घेतलं. सोमवारी ६८.६. दवाखान्यात भरती होणं वाचलं. गोळी आपल्या मनाने मात्र वाढवायची नाही, त्याने पोटॅशियम आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात, हे पत्रात अधोरेखित आहे.

मिठाबद्दल आपल्या घरांत दोन गैरसमज आहेत, माझेही होते. एक म्हणजे सैंधव चालतं. चालत नाही. सैंधव म्हणजेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड, पाणी तितकंच धरतं. दुसरं, दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ. सुनेने प्रेमाने आणलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि यांच्या गोळ्यांपैकी दोन गोळ्या शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या आहेत. दोन्ही मिळून ठोक्याची लयच बिघडू शकते. डबा न फोडताच परत गेला. पापडखारातही सोडियम असतं, त्यामुळे बिनमिठाचा पापड हाही उपाय नाही. गुडघेदुखीची गोळीही बंद. तशा वेदनाशामक गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात.

औषधं चार प्रकारची, शिवाय ती लघवीची गोळी. नावं लिहून तुम्हाला कंटाळा आणत नाही. पत्रात त्यांचं काम एका ओळीत होतं: लघवीची गोळी आज बरं वाटण्यासाठी, बाकीची चार हृदय सावरण्यासाठी आणि आयुष्य वाढवण्यासाठी. त्यांतली बहुतेक लहान मात्रेने सुरू करून दर दोन आठवड्यांनी वाढवतात, म्हणून आधी थोडं गळून गेल्यासारखं वाटतं. बरं वाटलं म्हणून ती सोडायची नाहीत, कारण बरं त्यांच्यामुळेच वाटतंय.

आता आपला प्रश्न. हे सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. पत्रात दिवसातून दोनदाच्या गोळ्या होत्या. मी विचारायला लाजत होते, वाटलं डॉक्टर चिडतील. तसं काही झालं नाही. सकाळी सातला आणि संध्याकाळी जेवणाबरोबर सहाच्या आत, एवढं अंतर पुरतं म्हणाले. लघवीची गोळी तर सकाळचीच बरी, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. पिण्याचं पाणी दिवसाला दीड लिटर ठरवून दिलंय. मी सकाळी पाणी गाळून उकळलं की यांचा दीड लिटरचा तांब्या वेगळा भरते. त्यातून ताक, चहा, आमटी यांचाही हिशोब वजा.

पण अनंत चतुर्दशी? बत्तीस वर्षांत यांनी तो निर्जळ उपवास चुकवला नव्हता, टायफॉइडनंतरसुद्धा नाही. डॉक्टरांनी पत्राच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने लिहिलं. पाणी न पिता लघवीची गोळी घेतली तर रक्तदाब कोसळतो. गोळी न घ्यावी तर पाणी साचतं. चारांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन नावाची गोळी उपाशीपोटी रक्तातलं आम्ल धोक्याइतकं वाढवू शकते, तेही साखर ठीक दिसत असताना. म्हणून या वर्षी निर्जळ उपवास नाही, आणि पुढेही विचारल्याशिवाय नाही.

हे दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, सगळं ऐकून घेतील आणि करायचं तेच करतील. मग मंदिरातून आले आणि म्हणाले, "बाह्य तपं सहा आहेत, उपवास त्यातलं एक." रसपरित्यागही तपच. दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ, या सहांपैकी यांनी मिठाचा त्याग घेतला, पूर्ण दहा दिवस. आधी फोन करून विचारलं हं, मी लावूनच दिला. डॉक्टर म्हणाले, जेवण वेळेवर घ्या, गोळ्या चालू ठेवा आणि पाचव्या दिवशी सोडियमची तपासणी करू. ती बरोबर आली. मैत्रिणींनो, बिनमिठाच्या मुगाच्या आमटीत लिंबू, मिरं आणि जिऱ्याची पूड जरा जास्त घातली तर आठव्या दिवशी ती बरी लागायला लागते. पहिल्या दिवशी नाही.

पत्रातला शेवटचा परिच्छेद मी महिनाभर एकटीच वाचत होते. त्यात लिहिलं होतं, की हा आजार गंभीर आहे, बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. काहींचं हृदय औषधाने बरंच सुधारतं, काहींचं नाही, आणि कोण कुठल्या गटात हे आज सांगता येत नाही. तीन महिने पूर्ण औषध घेऊन पुन्हा इको काढू. तेव्हाही पस्तीस किंवा खाली असेल, तर ठोका अचानक बिघडून जीव जाऊ नये म्हणून छातीत बसवायच्या यंत्राबद्दल बोलू. आणि काकांना काय हवं, काय नको, ते बरे असतानाच विचारून ठेवा. बत्तीस वर्षांचा उपवास सोडलेल्या माणसाला हे कसं विचारायचं? शेवटी ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी जेवण झाल्यावर विचारलं. हे म्हणाले, "यंत्र चालेल. पण नळ्या लावून महिनोन् महिने ठेवू नका." मी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, खाली यांची सही घेतली आणि मुलाला फोटो पाठवला. तो त्या रात्री पुण्याहून निघून आला, काही न बोलता जेवला आणि झोपला.

मागच्या आठवड्यात इको झाला. अडतीस. म्हणजे पस्तीसाच्या वर, यंत्राची बोलणी तूर्त नाहीत. हे डॉक्टरांना म्हणाले, "पास झालो." डॉक्टर हसले आणि गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा तशीच लिहून दिली, एक गोळी उलट वाढवली.

आज सकाळी ६७.९. एक उशी.