पोटमजल्याचे माप

दोन मजल्यांची उंची एकाच दिवाणखान्याला देऊन त्याच्या एका टोकाला अर्धवट मजला घालण्याची रचना आधुनिक वास्तुकलेत सर्वपरिचित आहे, आणि ल कॉर्ब्युझिए याने मार्सेय येथे उभारलेल्या व १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या निवासी इमारतीतील घरे हे तिचे ठळक उदाहरण मानले जाते. त्या घरांत बैठकीची पूर्ण उंची ४.८० मीटर, तर जिथे एकावर एक असे दोन मजले येतात तिथे प्रत्येकाची उंची अवघी २.२६ मीटर आहे. २.२६ मीटर म्हणजे १.८३ मीटर उंचीच्या माणसाने हात वर केला असता बोटांच्या टोकापर्यंत भरणारे माप होय. अशी खोली बांधणाऱ्याला तिचे प्रमाण सांभाळणे फारसे जड जात नाही, कारण तिथे माणसे प्रत्यक्ष वावरतात आणि चुकलेले माप डोक्याला लागते. परंतु तीच खोली बांधण्याआधी चित्रात दाखवणाऱ्या आरेखकापुढे वेगळी अडचण उभी राहते, ती अशी की खालचा मजला सहज पटतो आणि वरचा मात्र भिंतीला ठोकलेल्या फळीसारखा दिसू लागतो.

याचे कारण यथार्थदर्शनाच्या, म्हणजे दूरत्वानुसार वस्तू लहान दाखवून खोलीचा आभास निर्माण करणाऱ्या चित्रणपद्धतीच्या, मुळाशी आहे. त्या पद्धतीत पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी क्षितिजरेषा धरली जाते, आणि डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर खालच्या मजल्यावरील प्रत्येक माणसाला, तो जवळ असो वा दूर, ही रेषा दीड मीटरच्याच उंचीवर छेदते. त्यामुळे खालची माणसे, खुर्च्या आणि दारे या एका रेषेच्या आधाराने आपोआप मापात बसतात. वरचा मजला मात्र सबंधच या रेषेच्या वर असतो, त्याची जमीन खालून दिसत नाही, आणि जमीन दिसत नसल्यामुळे तिथली वस्तू किती आत ठेवली आहे हे ठरवण्याचा नेहमीचा आधारच नाहीसा होतो. अशा वेळी आरेखक अंदाजाने हात चालवतो, आणि अंदाज बहुधा ‘जे आहे ते सगळे दिसले पाहिजे’ या बाजूला झुकतो.

एक खोली मापांसह मांडून पाहिल्यास हा अंदाज नेमका कुठे फसतो ते कळते. ४.८ मीटर रुंद आणि ७.२ मीटर लांब असा दिवाणखाना धरावा, त्याच्या एका टोकाला २.४ मीटर खोल पोटमजला असावा, आणि पाहणारा समोरच्या टोकाच्या भिंतीशी, म्हणजे पोटमजल्याच्या कडेपासून ४.८ मीटरवर, उभा असावा. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर आणि पोटमजल्याची किमान २.२ मीटर असावी लागते, शिवाय पोटमजल्याने एक तृतीयांशाहून अधिक क्षेत्र व्यापू नये असाही दंडक आहे. तेव्हा पोटमजल्याखाली २.७५ मीटर, स्लॅब आणि फरशी मिळून २० सेंटिमीटर, आणि वर २.४५ मीटर अशी विभागणी केली म्हणजे एकूण उंची ५.४० मीटर होते. वरची जमीन २.९५ मीटरवर येते, आणि तिच्यावर १.०५ मीटर उंचीचा कठडा उभा केला की कठड्याची वरची पट्टी बरोबर ४ मीटरवर येते.

आता डोळ्यापासून स्लॅबच्या वरच्या कडेला एक सरळ दोरी ताणली आहे अशी कल्पना करून ती तशीच पुढे मागच्या भिंतीपर्यंत नेली, तर ती भिंतीला वरच्या जमिनीपासून सुमारे ७२ सेंटिमीटरवर टेकते, म्हणजे त्या भिंतीलगत ७२ सेंटिमीटरच्या खाली जे काही असेल ते या पाहणाऱ्याला दिसूच शकत नाही. पाऊण मीटर उंचीच्या टेबलाची फक्त वरची कड दिसेल आणि ४५ सेंटिमीटर उंचीचा पलंग पूर्णपणे झाकला जाईल. मागच्या भिंतीतील २.१ मीटर उंच दाराचा उंबरठाच नव्हे तर खालचा एक तृतीयांश भागही लपेल. चित्रात हा पलंग गादीसकट आणि हे दार उंबरठ्यासकट दाखवले, की पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी वरची जमीन पुढे कलंडल्यासारखी भासते. वरच्या मजल्याची विश्वासार्हता तिथे मांडलेल्या वस्तूंपेक्षा स्लॅबची कड त्या वस्तूंचा किती भाग खाते यावर ठरते, आणि म्हणून जाणता आरेखक वरची मांडणी करण्याआधी ही झाकणारी रेषा आखून घेतो.

हीच दोरी कठड्याच्या वरच्या पट्टीवरून नेली असता त्याहून अनपेक्षित गोष्ट हाती लागते. १.७० मीटर उंचीचा माणूस कठड्याला टेकून उभा असेल तर पट्टी त्याच्या कमरेच्या थोडी वर येते, आणि बहुतेक चित्रांत वरची सगळीच माणसे अशीच काढलेली आढळतात. पण तो ६० सेंटिमीटर मागे सरकला की पट्टी त्याच्या खांद्याजवळ पोहोचते, आणि १.२ मीटर मागे गेला की त्याचे सर्व शरीर गजांच्या आड जाऊन डोक्याचा दोन-तीन सेंटिमीटर एवढाच भाग पट्टीच्या वर उरतो, तर पावले आणि पोटऱ्यांचा बहुतेक भाग स्लॅबच्या कडेने आधीच झाकलेला असतो. मागच्या भिंतीतील दारही, त्याच्या वरच्या चौकटीसकट, कठड्याच्या पट्टीखालीच येते. पट्टीच्या वर भिंतीची एक अरुंद पट्टी तेवढी दिसते आणि उरलेली सारी जागा छताची असते, कारण कड ज्या प्रतलात आहे त्या प्रतलावर मोजले असता पट्टीच्या वरच्या १.४ मीटर जागेपैकी १.३ मीटर छतच व्यापते. म्हणजे वरच्या मजल्याचे चित्र हे मुख्यतः गजांमधून दिसणाऱ्या वस्तूंचे आणि छताचे चित्र आहे. छतावरचा पंखा, दिवा किंवा तुळई यांचे माप तिथे भिंतीवरच्या तसबिरीपेक्षा अधिक बोलते, आणि नेमके तेच अनेकदा मोघम ठेवले जाते.

खुला कठडा हा या ठिकाणी फूटपट्टीचे काम करतो, मात्र त्याचे स्वतःचे माप खरे असले तरच. लहान मूल निसटू नये म्हणून गजांमधली मोकळी जागा साधारण १० सेंटिमीटरच्या आत ठेवण्याची रीत आहे, आणि १२ मिलिमीटर जाडीचे गज धरले तर ४.८ मीटर रुंदीत ते सुमारे ४३ बसतात. आरेखकाने श्रम वाचवण्यासाठी वीसच गज काढले, तर पाहणारा ‘कठडा विरळ आहे’ असा निष्कर्ष काढत नाही. गजांमधले अंतर सवयीने वीतभराहून कमीच असणार असे धरून तो सबंध मजलाच अरुंद मानतो आणि दिवाणखाना निम्म्यावर येतो. गज मनगटाएवढे जाड काढले तरी हाच परिणाम होतो. स्लॅबच्या कडेबाबतही तेच आहे, कारण ४.८ मीटरचा गाळा पेलणारी काँक्रीटची स्लॅब साधारण १६ सेंटिमीटर जाडीची असते व तिच्यावर फरशीचा थर येतो, तेव्हा पाच सेंटिमीटरची कड मजल्याला पुन्हा फळी बनवते आणि अर्ध्या मीटरची कड खालच्या भागाची उंची खाऊन टाकते.

उंच खिडकीचे काम याला पूरक आहे. बाजूच्या लांब भिंतीत जमिनीपासून ५.१ मीटरपर्यंत जाणारी काच एकसंध ठेवली तर तिला कोणतेच माप उरत नाही, आणि तिचे दोन समान भाग केले तर ती मोठी केलेली साधी खिडकी वाटते व तिच्याबरोबर सारी खोली लहान होते. चौकटीच्या आडव्या पट्ट्या खोलीतल्या ओळखीच्या उंचींवर घेतल्या, म्हणजे पहिली दाराच्या उंचीवर २.१० मीटरला, दुसरी वरच्या जमिनीच्या पातळीवर २.९५ मीटरला आणि तिसरी कठड्याच्या पातळीवर ४ मीटरला, तर खिडकीच दोन्ही मजल्यांचे माप भिंतीवर लिहून ठेवते. या रचनेत तपासणीची सोयही आहे. क्षितिजरेषेच्या वर असलेल्या या तिन्ही पट्ट्या दूर जाताना खाली उतरतात आणि लोपबिंदूकडे, म्हणजे खोलीच्या लांबीशी समांतर असलेल्या सगळ्या रेषा चित्रात जिथे मिळतात त्या बिंदूकडे, जातात. चित्रावर सरळ पट्टी ठेवून दुसरी रेषा पुढे वाढवली असता ती स्लॅबच्या वरच्या कडेच्या कोपऱ्यातच पोहोचली पाहिजे आणि तिसरी कठड्याच्या पट्टीच्या टोकाला भिडली पाहिजे. त्या चुकत असतील तर मजला आणि खिडकी वेगवेगळ्या मापांच्या खोल्यांत आहेत असे समजावे.

राहतो प्रश्न पाहणाऱ्याच्या जागेचा. सबंध उंची कागदात बसावी म्हणून संगणकावरील चित्रणात दृष्टी वर कलवण्याचा मोह होतो, पण तसे केले की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि वरचा मजला खालच्यापेक्षा अरुंद होतो. त्यावर उपाय म्हणून दृष्टी आडवीच ठेवावी आणि चित्राची चौकट तेवढी वर सरकवावी. भव्यता वाढवण्यासाठी डोळा ९० सेंटिमीटरपर्यंत खाली आणला, तर मागच्या भिंतीवरील झाकलेला भाग एक मीटरच्या पुढे जातो आणि वरचा मजला जवळजवळ रिकामा दिसतो. दीड मीटरवरच्या डोळ्यालाही मर्यादा आहे. ४.८ मीटरवरून कडेवरचे छत पाहायला नजर सुमारे ३९ अंश वर न्यावी लागते, तर मध्यरेषेपासून तीसेक अंशांच्या पलीकडचे आकार चित्रात ताणले जाऊ लागतात. म्हणून पाठीमागची भिंत काढून टाकली आहे असे मानून पाहणारा आणखी २.४ मीटर मागे नेण्याची प्रथा आहे, ज्यामुळे हा कोन २८ अंशांवर येतो. ही सवलत घेतल्यावर झाकणारी रेषा मात्र नव्याने आखावी लागते, कारण मागच्या भिंतीवर आता ७२ ऐवजी ४८ सेंटिमीटरच लपतात आणि मघाशी केवळ कड दाखवणारे टेबल चांगले वीतभराहून अधिक वर येते. जागा बदलूनही वरचे सामान जुन्याच रेषेवर राहू दिलेले चित्र हातात आले, तर दोष सापडण्यासाठी सगळे मोजण्याची गरज नसते. मागच्या दाराचा किती भाग कडेखाली गेला आहे एवढे पाहिले तरी पुरते.