नुसतंच आलेलं पोस्टर

समजा, एकांकिकेचं पोस्टर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, सोबत एक अक्षरही नाही. सवयीने आपण ‘मस्त!’ लिहून मोकळे होतो किंवा थेट रंगसंगतीवर घसरतो. माझ्या मते पाठवणाऱ्याला काय हवंय याचं उत्तर पोस्टरमध्येच शोधावं. तारखेच्या जागी अजून फुल्या असतील, दोन पर्याय शेजारीशेजारी असतील, तर काम चालू आहे; अभिप्राय चालेल. कडेला कापणीच्या खुणा असतील तर ते छापायला निघालंय. तिथे रचनेवर बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं. फक्त चुका बघाव्यात. ‘निर्मिती’ची पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलीय का, रफार सुटलाय का? देवनागरी नीट न जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे हमखास होतं, आणि करणाऱ्याच्या नजरेला ते शेवटी दिसेनासं होतं. छापून भिंतीवर लागलेल्या पोस्टरचा फोटो असेल, तर पाठवणाऱ्याला बहुधा पुढे टाकायला दोन ओळी हव्यात. समीक्षा मात्र न मागता करू नये.

कुणी म्हणेल, एवढा तर्क कशाला, सरळ विचारावं. विचारावंच, पण नुसतं ‘काय करू याचं?’ हे तुटक वाटतं. त्याआधी जे दिसलं ते एका वाक्यात सांगावं: ‘काळ्यावर लाल खुर्ची आधी दिसते, नाव नंतर, वेळ सापडतच नाही.’ हे वर्णनच, पण वेळ लिहायची राहिली असेल तर पाठवणाऱ्याला तेवढ्यानेच कळतं.