आकडा खरा, गोष्टही खरी



आमच्या कोपरच्या इमारतीतल्या एका वहिनींच्या अकरा वर्षांच्या मुलीला अप्लास्टिक अ‍ॅनिमिया झाला. या आजारात हाडांतला मगज रक्त तयार करणं जवळजवळ थांबवतो. धाकट्या भावाचा मगज तिच्याशी जुळला, म्हणून डॉक्टरांनी प्रत्यारोपण सांगितलं. पैसे उभे करण्यासाठी ऑनलाइन मदतीचा अर्ज भरायचा होता. तो आम्ही दोघींनी मिळून भरला. कुणावर वेळ आली तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी हवं असतं रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक. ते रुग्णालयाच्या छापील कागदावर असावं, त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख आणि रुग्णाचा फाइल नंबर असावा. वहिनींना मिळालेल्या कागदावर मुलीचं घरचं लाडाचं नाव होतं आणि आधार कार्डावर वेगळं. असा कागद तपासणीत अडकतो, म्हणून आम्ही तो बदलून आणला. त्याच वेळी बिलिंगच्या खिडकीवर एक प्रश्न विचारला, "यात काय धरलेलं नाही?" उत्तर मिळालं, घरी गेल्यानंतरची औषधं. ती महिना साधारण १५ हजारांची, निदान सहा महिने. तेवढंही डॉक्टरांकडून लिहून घेतलं.

मग रक्कम. अंदाजपत्रक १४ लाख ५० हजारांचं. घरची बचत आणि मोडलेले दागिने मिळून २ लाख, समाजाच्या ट्रस्टने मंजूर केलेले दीड लाख, भाऊंच्या कंपनीचे १ लाख. म्हणजे साडेचार लाख हाताशी, उरले १० लाख. त्यात औषधांचे ९० हजार मिळवले. पैसे गोळा करणारी संस्था आणि बँकेचा व्यवहार यांचा कर धरून शंभरातले पाच रुपये कापले जाणार होते. कापून १० लाख ९० हजार हाती यायला साधारण साडेअकरा लाख मागावे लागतात. तेवढेच मागितले. ही कपात प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, तेव्हा अर्ज भरण्याआधीच विचारून घ्या.

एका नातेवाइकांचं म्हणणं पडलं, "ट्रस्टचे पैसे कशाला दाखवायचे? वीस लाख लिहा, देणारे देतातच." वहिनींनी मान हलवली. ज्या ट्रस्टने दीड लाख दिले, त्याच घरांमध्ये ही लिंक जाणार होती. लपवलेलं एकाने जरी ओळखलं असतं, तरी बाकीच्यांचा हात आखडला असता.

लाभार्थीच्या रकान्यात मुलीचं नाव आणि तिच्याशी नातं लिहिलं. बँक खात्याच्या ठिकाणी मात्र आम्ही रुग्णालयाचं खातं निवडलं, म्हणजे उपचाराचा पैसा थेट तिकडे जातो आणि देणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. औषधांसाठी वडिलांचं खातं दिलं. त्यासाठी पॅन, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. बिलं दाखवल्यावर ते पैसे मिळतात, म्हणून औषधाच्या दुकानातली प्रत्येक पावती मुलीच्या नावाने घ्यायची.

खरी परीक्षा होती ती गोष्ट लिहिण्याची. त्याच नातेवाइकांनी आधी लिहून पाठवलं होतं, "अठ्ठेचाळीस तास उरलेत." डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांत व्हायला हवं, कारण प्रत्येक वेळी बाहेरचं रक्त चढवलं की नवा मगज शरीराने नाकारण्याची शक्यता वाढते, आणि तोवर जंतुसंसर्गाची भीती असतेच. आम्ही हेच वाक्य साध्या शब्दांत लिहिलं. खोट्या घाईपेक्षा या खऱ्या कारणानेच माणूस जास्त थांबून वाचतो. शिवाय अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर काय सांगणार होतो?

वहिनींना एका गोष्टीचा संकोच होता. "आपलं स्वतःचं घर आहे, लोक काय म्हणतील?" आम्ही तेही लिहिलं: कोपरला एका खोलीचं घर आहे, त्यावर कर्ज चालू आहे. मुलीचा नळ्या लावलेला फोटो टाकायचा नाही असं ठरलं. मुलीलाच विचारलं, तिने शाळेच्या गणवेशातला निवडला. शेवटी लिहिलं, पैसे उरले तर त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या मुलाला देऊ.

देणाऱ्यांनी विचारलं, करात सूट मिळेल का? एखाद्या व्यक्तीच्या उपचारासाठी थेट दिलेल्या पैशावर ८०जीची सूट मिळत नाही. तसं स्पष्ट सांगितलं. तरी लोकांनी दिलं. कित्येकींनी नाव लपवून, गुप्तदान म्हणून दिलं.

हे लिहिते आहे तेव्हा साडेसात लाख जमले आहेत आणि प्रत्यारोपणाची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. दर रविवारी वहिनी त्याच पानावर दोन ओळी लिहितात: किती आले, रुग्णालयात किती भरले, मुलीच्या प्लेटलेट किती आहेत. मागच्या रविवारी प्लेटलेट कमी झाल्या होत्या. तेही लिहिलं.