अण्णांची तीन कप्प्यांची पावती

आई-बाबांना गावाहून पुण्यात आणायचं, हे मी अण्णांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा त्यांनी ना शाबासकी दिली ना काळजी दाखवली. "किती लागतील?" एवढंच विचारलं. अण्णा आमच्या ऑफिसात लेखा विभागात होते, निवृत्तीला टेकलेले. माझ्या नात्याचे नाहीत, गावचे नाहीत. आज आई-बाबा माझ्याजवळ राहतात, त्यात अण्णांच्या पेन्सिलीचा वाटा फार मोठा आहे.

किती लागतील ते आम्ही तिथेच मांडलं. साडेबारा हजार भाड्याचं छोटं घर धरलं. चार महिन्यांचं डिपॉझिट ५०,०००, पहिल्या महिन्याचं भाडं १२,५००, एजंटचं एक भाडं १२,५००, आणि टेम्पो, गॅस, पलंग-गाद्या मिळून १५,०००. एकूण ९० हजार.

मग त्यांनी माझी पगाराची पावती मागितली. वर एकूण पगार ३८,००० होता. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात ३६,००० यायचे. अण्णांनी ३६,००० भोवती गोल केला. "टक्के या आकड्याचे काढायचे. वरच्या आकड्याचे काढलेस तर न मिळालेले पैसे खर्चायला बसशील." पीएफ बचतच नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बचत आहे, पण डिपॉझिट भरायला ती पुढच्या वर्षी हातात येणार आहे का? मग या हिशोबात ती धरायची नाही."

पावती उलटी करून त्यांनी तीन कप्पे आखले. गरजांना निम्मे म्हणजे १८,०००, हौसेला तीस टक्के म्हणजे १०,८००, बचतीला वीस टक्के म्हणजे ७,२००. ही विभागणी अमेरिकेत एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची कन्या अमेलिया वॉरेन त्यागी यांनी २००५ साली 'ऑल युअर वर्थ' या पुस्तकातून लोकांपर्यंत नेली, हे मला फार पुढे समजलं. अण्णांनी तिचा उल्लेख फक्त 'निम्मे-तीस-वीस' असा केला आणि लगेच माझ्या खर्चांकडे वळले.

गरज कोणती आणि हौस कोणती, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. अण्णांची कसोटी एकच होती: उद्या नोकरी गेली तरी जो खर्च थांबवता येणार नाही, ती गरज. फ्लॅटमधला माझा भाड्याचा वाटा ८,०००, डबा ४,०००, वीज-गॅस ९००, मोबाइल ३०० हे सरळ गरजेत गेले. ऑफिसला जाण्यायेण्याचं पेट्रोल १,७०० नोकरी गेली तर थांबेल, पण नोकरी टिकवायला ते लागतंच, म्हणून तेही गेलं. रविवारी सिंहगडाला जायचं पेट्रोल मात्र त्यांनी हौसेत टाकलं. गाडी तीच, पंप तोच, तरी कप्पा वेगळा. घरी पाठवायचे ५,००० मी बाजूला लिहिले होते, ते त्यांनी उचलून गरजेत आणले. "आईबापांचं जेवण हौसेत कसं जाईल गं?" गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग वर्षातून एकदाच येतात, म्हणून ते माझ्या लक्षातच नव्हते. त्यांचे वर्षाचे ३,६०० त्यांनी बारांनी भागले आणि महिन्याला ३०० लिहिले. बजेट कोलमडतं ते बहुधा अशा वर्षातून एकदा उगवणाऱ्या खर्चांनी, असं त्यांचं ठाम मत होतं. ते खरं आहे.

बेरीज २०,२०० झाली. १८ हजारांच्या वर २,२०० गेले होते. हे कुठून काढायचे, तर बचत पाच हजारांवर आणावी असं मी सुचवलं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. गरजा ओसंडल्या तर ते हौसेतून भरायचं, वीस टक्क्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता. ७,२०० नी साधारण एका वर्षात ९० हजारांजवळ पोचता येतं. ५,००० केले की तेच दीड वर्षावर जातं. म्हणून गरजा २०,२००, बचत ७,२०० आणि हौसेला ८,६०० असं ठरलं. ज्याचा पगार पंधरा हजार आहे त्याला हे टक्के सांगूच नयेत, असंही ते म्हणाले. तिथे भाडं आणि पोट यांतच सगळं संपतं, तिथे ठरलेली छोटी रक्कमच धरावी.

पैसे ठेवायचे कुठे, हेही त्यांनी नीट समजावलं. मला पोस्टाची आवर्त ठेव माहीत होती. पण ती पाच वर्षांची, आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. आमचं काम वर्षाचं. म्हणून बँकेत बारा महिन्यांची आरडी उघडली. व्याज साडेसहा टक्के होतं. भरणा ८६,४०० आणि व्याज धरून हातात साडेएकोणनव्वद हजारांच्या आसपास येणार होते. हप्त्याची तारीख पगाराच्या दिवसाचीच न घेता तीन दिवस पुढची घ्यायला लावली, कारण पगार एखाद दिवस लांबला तर हप्ता चुकतो आणि दंड बसतो. हौसेचे ८,६०० त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकायचे आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्या खात्याला जोडायचं. त्यामुळे मला वहीत काही लिहावं लागलं नाही. वीस तारखेला खात्यात हजार दिसले, की बाहेरचं जेवण आपोआप पुढच्या महिन्यावर जायचं.

पण अण्णांचं खरं ऋण यापुढचं आहे. आरडी संपायला दोन हप्ते उरले तेव्हा त्यांनी मला पुन्हा बसवलं आणि विचारलं, "घर घेतल्यानंतरच्या महिन्याचं काय?" नव्या घरात भाडं १२,५०० होणार, तिघांचा किराणा-भाजी ८,०००, वीज-गॅस १,५००, मोबाइल ६००, पेट्रोल आणि गाडी मिळून तेच २,०००. डबा आणि घरी पाठवायचे पैसे थांबणार. तरी बेरीज २४,६००, म्हणजे पगाराच्या दोनतृतीयांशाहून जास्त. बचत वीस टक्के ठेवली तर हौसेला ४,२०० उरत होते. डिपॉझिट साठलं म्हणजे घर परवडलं असं होत नाही, हे त्या दुपारी मला आकड्यांत दिसलं.

त्यांनी उपायही सांगितला. उरलेले दोन महिने आत्ताच ४,२०० मध्ये राहून बघ. जमलं तर करारावर सही कर, नाही जमलं तर आणखी स्वस्त घर शोध. मी राहिले. सिनेमा आणि सिंहगड गेले, मैत्रिणीच्या लग्नाचा आहेर मात्र त्यातच बसवला. दर महिन्याला वाचलेले ४,४०० वेगळे ठेवले. दोन महिन्यांचे ८,८०० झाले. आरडीत कमी पडणारे पाचशे-साडेपाचशे त्यातून भरले, आणि उरलेले सव्वाआठ हजार आई-बाबांच्या दुखण्याखुपण्यासाठी ठेवले. बाबांच्या दाताचं काम पहिल्याच पावसाळ्यात निघालं, ते त्यातूनच झालं.

अण्णा आता निवृत्त होऊन वाईला राहतात. पगारवाढ झाली तेव्हा मी त्यांना फोन केला. त्यांनी अभिनंदन केलं आणि हातात नेमके किती येतात ते विचारलं. मी ३९,५०० सांगितले. "मग बचत ७,९०० कर," ते म्हणाले, "आणि दोन हजार तरी हौसेत जाऊ दे, आईला कुठेतरी फिरवून आण."