गप्प बसलेले मूल

वर्गात हजेरी घेताना एक गोष्ट मी पुष्कळ वर्षांनी शिकले. किती मुले बोलतात, याला फारसा अर्थ नसतो. रोज बाके बडवणारा एखादा पोरगा सकाळपासून गप्प बसला, की मात्र उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहावा. शेजारचा मुळातच अबोल असेल, तर त्याच्या गप्प बसण्याचे काही नाही.

ही अक्कल मला २००४ साली असती तर, असे अजून मनात येते. माझे पहिले बाळंतपण; नववा लागलेला. एका रविवारी संध्याकाळी पोटातले बाळ फारसे हालले नाही. घरातली वडीलधारी म्हणाली, "दिवस भरत आले की जागा पुरत नाही, मग ते कमीच फिरते." मलाही ते पटले, खरे म्हणजे पटवून घ्यावेसे वाटले. सकाळी गेलो, तेव्हा ठोके नव्हते. त्याच रात्री गेले असते तर ते वाचले असते, असे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. मलाही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी भाची बाळंतपणाला माझ्याकडे आली. सातवा सरल्यापासून तिच्या बाळाची रीत आम्हा दोघींना पाठ झाली होती. दुपारी ते निजे. रात्रीचे जेवण झाले, की उजव्या बरगडीखाली लाथा सुरू. पोटातले मूलही झोप काढते, पण ती बहुधा वीस ते चाळीस मिनिटांची; दीड तासाच्या वर क्वचितच जाते. शेवटी शेवटी लाथेऐवजी कूस बदलल्यासारखे, सरकल्यासारखे वाटू लागते, हे खरे. पण हालचाली कमी होत नाहीत. माझ्या घरातल्या त्या वडीलधाऱ्या समजुतीत चूक होती ती एवढीच.

छत्तिसाव्या आठवड्यातला तो शनिवार. घरी पाहुणे होते, भाची दिवसभर उभी. कामात असले की बाईचे लक्ष पोटाकडे नसते, म्हणून हालचाल जाणवत नाही, असेही पुष्कळदा होते. रात्री जेवण झाल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, आज ते गप्प आहे गं."

"कमी आहे, की लक्ष नव्हतं तुझं?"

"नक्की नाही सांगता येत."

असा संशय असला, तर डाव्या कुशीवर निजावे, पोटावर हात ठेवावा आणि दुसरे काही न करता दोन तास लक्ष द्यावे. लाथ, ढुशी, वळणे, सगळे मोजायचे. उचकी मात्र नाही. दोन तासांत दहा भरल्या नाहीत, तर त्याच वेळी निघायचे. आणि कमी झाले आहे अशी खात्रीच असेल, तर मोजत बसायचेही नाही. दहा भरल्या, पण नेहमीसारखे वाटत नाही, तरीही जायचे. शेजारच्या काकू गूळपाणी घेऊन आल्या, "गोड खाल्लं की उठेल" म्हणून. भाचीने ते प्यायले, बिचाऱ्या काकूंना नाही कशी म्हणणार? पण त्यासाठी मी एक मिनिटही थांबले नाही. तासाभरात तीन झाल्या होत्या, त्याही पुसट. मी रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी आधी ठोके ऐकले. ठोके होते. भाची रडू लागली, मीही. पण बाई म्हणाल्या, "ठोके आहेत म्हणजे बाळ ठीक आहे, असं नसतं." घरी ठोके ऐकायचे यंत्र मिळते, त्यावर विसंबू नये ते याचसाठी, शिवाय त्यात आईच्याच नाडीचा आवाज बाळाचा वाटू शकतो. मग पोटाला दोन पट्टे बांधून कागदावर रेघ काढत ठेवली, वीस मिनिटांहून अधिक. बाळ हालले की ठोके वाढायला हवेत. ते फारसे वाढत नव्हते. सोनोग्राफीत गर्भजल कमी निघाले, वाढही मागे. वारेतून रसद पुरेनाशी झाली, की मूल आपली शक्ती राखून ठेवते आणि हालणे कमी करते, असे बाईंनी समजावले.

पहाटे शस्त्रक्रिया झाली. मुलगी, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. काही दिवस तिला काचेच्या पेटीत ठेवावे लागले.

त्या रात्री शेजारच्या खाटेवर आणखी एक मुलगी होती. तिचीही तीच तक्रार. तिची तपासणी उत्तम निघाली आणि तिला घरी सोडले. उगीच आलो म्हणून ती ओशाळली होती. बाई तिला म्हणाल्या, "बहुतेकींचं असंच ठीक निघतं. पण उद्या पुन्हा कमी वाटलं, तर उद्याच पुन्हा यायचं. मागच्या वेळी ठीक होतं, म्हणून घरी बसायचं नाही."

भाचीची मुलगी आता घरभर रांगते. दुपारी ती फार वेळ निजली, की मी पाळण्याशी जाऊन उभी राहते. भाची हसते.