शिखरजीला आपापल्या पावलांनी

शिखरजीची वंदना 27 किलोमीटरची: 9 चढ, 9 टोंकांची फेरी, 9 उतार. वन्संना प्रत्येक टोंकावर अर्घ्य द्यायचं, जाऊबाईंचा गुडघा दुखरा, मी मधली. म्हणून घरीच ठरवलं: खोली-जेवणाचा खर्च समाईक, डोलीचा जिचा तिने. चढताना कुणी कुणासाठी थांबायचं नाही, भेट गौतमस्वामींच्या टोंकावर. "डोली म्हणजे उधळपट्टी," वन्सं पुटपुटल्याच! डोलीचा दर मात्र मधुबनातच पक्का केला.

पहाटे दोनला निघालो. गौतमस्वामींपाशी पोहोचेपर्यंत माझेच पाय थरथरू लागले. चंद्रप्रभूंचं टोंक तिथून लांब, पुन्हा माघारी यायचं. मी जाऊबाईंबरोबर सरळ पार्श्वनाथांच्या टोंकाकडे वळले. वन्संनी माझे तांदूळ मागून घेतले. "वहिनी, तुमच्या नावाने चढवते," म्हणाल्या.