२४ तासांची रेघ

बुलढाणा जिल्ह्यातून प्रवासी विमान सुटत नाही. परदेशी निघालेला माणूस इथून आधी मलकापूर किंवा शेगावला रेल्वेत बसतो, नाहीतर गाडी करून छत्रपती संभाजीनगर गाठतो. विमानतळाची सवय नसलेली ही मंडळी तिकीट काढायला माझ्याकडे येतात, तेव्हा मधल्या थांब्याबद्दल त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो: "भाऊ, तिथं किती तास बसावं लागते?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. थांबा किती तासांचा यावरून भाडं ठरतं. बॅग कुठे मिळेल हे तिच्यावर लावलेल्या टॅगवरून ठरतं. आणि व्हिसा लागेल की नाही हे तुम्ही त्या देशाचं इमिग्रेशन ओलांडता की नाही यावरून ठरतं. या तीन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालून चालतात, म्हणून लोकांना त्या एकच वाटतात. त्या जिथे एकमेकींपासून सुटतात, तिथेच प्रवासी अडकतो.

आधी भाड्याचं बघू. आंतरराष्ट्रीय प्रवासात मधल्या शहरात २४ तासांपेक्षा कमी थांबलात, तर तो लेओव्हर. तिकिटाच्या हिशेबात ते शहर निव्वळ विमान बदलण्याची जागा असते. २४ तासांहून जास्त थांबलात की तो स्टॉपओव्हर, म्हणजे तिथे तुमचा मुक्काम धरला जातो. आम्ही तिकीट काढतो तेव्हा पडद्यावर भाड्याच्या हिशेबाची एक ओळ येते. मुंबईहून दुबईमार्गे न्यूयॉर्कला जाणाऱ्याच्या तिकिटात लेओव्हर असेल, तर ती ओळ अशी सुरू होते:

```
BOM EK X/DXB EK NYC
```

दुबईच्या आधीचं ते `X/` म्हणजे 'इथे मुक्काम नाही'. तेच तिकीट दुबईत दोन दिवस थांबून घेतलं की `X/` गळून पडतं:

```
BOM EK DXB EK NYC
```

एवढ्या फरकाने भाडं बदलू शकतं. काही भाड्यांत मुक्काम फुकट मिळतो, काहींत पैसे भरून मिळतो, आणि सगळ्यात स्वस्त भाड्यांत पुष्कळदा मिळतच नाही. करही बदलतो. लंडनहून निघणाऱ्या प्रवाशावर ब्रिटनचा हवाई प्रवास कर लागतो. २४ तासांच्या आत पुढचं विमान पकडणाऱ्याला तो सहसा लागत नाही, मुक्काम करणाऱ्याला लागतो.

आता चिखलीच्या एका जोडप्याचा प्रवास धरून चालू. मुलगी अमेरिकेत शार्लटला असते, आईवडिलांकडे अमेरिकेचा पर्यटक व्हिसा आहे. तिकीट एकच: मुंबई, दुबई, न्यूयॉर्क आणि तिथून शार्लट. दुबईत थांबा चार तासांचा. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला टॅग लागतो, त्यावर शेवटचं शहर शार्लट, म्हणजे `CLT`. दुबईत हे दोघं ट्रान्स्फरच्या पाट्या बघत पुढच्या गेटवर जातात, बॅगा विमानतळाची माणसं हलवतात. इमिग्रेशन ओलांडलं नाही, म्हणून यूएईचा व्हिसा लागला नाही. हा सरळ लेओव्हर.

हाच थांबा वीस तासांचा केला तर? तिकिटाच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, तो लेओव्हरच राहतो आणि बॅगही शार्लटच्या टॅगखाली विमानतळाच्या ताब्यात राहते. पण वीस तास खुर्चीवर कोण बसेल? बाहेर हॉटेलात जायचं ठरवलं की इमिग्रेशन आलं आणि व्हिसा आला. इथे या जोडप्याला त्यांच्या अमेरिकी व्हिसाचा उपयोग होतो: किमान सहा महिने वैध असलेला अमेरिकेचा व्हिसा भारतीय पासपोर्टात असेल, तर यूएई शुल्क घेऊन तिथे उतरल्यावर १४ दिवसांचा व्हिसा देते. असा अमेरिकी व्हिसा नसेल तर ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा आधीच, विमान कंपनीमार्फत काढावा लागतो. लोक विसरतात ते बॅगेचं. व्हिसा मिळाला तरी बॅग मिळत नाही. बीपीच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे आणि चार्जर हातातल्या पिशवीत नसेल, तर हॉटेलात रात्र अवघड जाते. बॅग दुबईतच हवी असेल तर मुंबईच्या काउंटरवर 'टॅग दुबईपर्यंतच लावा' असं सांगून बघता येतं. ते मान्य करायचं की नाही, हे कंपनी ठरवते.

थांबा तीस तासांचा केला की तिकिटावर मुक्काम लागतो आणि टॅगवर `DXB` येतं. बॅग दुबईच्या पट्ट्यावर घ्यायची, कस्टममधून न्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा काउंटरवर द्यायची. आता व्हिसा ही हौस राहत नाही, तो असल्याशिवाय बॅगच हाती येत नाही. शिवाय बॅग त्या देशाच्या कायद्याखाली येते. दिवाळीनंतर निघणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण आपल्या फराळात अनारसे असतात आणि अनारशांवर खसखस असते. यूएईत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंद आहे. दुबईमार्गे जाताना लेओव्हर असो की स्टॉपओव्हर, ती कोणत्याच पिशवीत ठेवू नये. पण कस्टममधून बॅग नेताना तर ती थेट समोर येते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्याही तिथे नियंत्रित यादीत आहेत. त्या न्यायच्या असतील तर आधी परवानगी काढावी लागते.

सामानाच्या वजनाचीही एक गोष्ट इथे येते. अमेरिकेच्या तिकिटावर सामान नगांत मोजतात, साधारण प्रत्येकी २३ किलोचे दोन नग. दुबईत मुक्काम घेतला तरी तिकीट एकच असल्याने हा हिशेब सहसा पूर्ण प्रवासाला लागू राहतो. पण पैसे वाचवायला कुणी मुंबई–दुबई एक तिकीट आणि दुबई–न्यूयॉर्क दुसरं तिकीट असं घेतलं, तर पहिल्या तिकिटावर सामान एकूण वजनावर मोजलं जातं. भाड्याच्या प्रकारानुसार ते कमीजास्त असतं. दुसऱ्या तिकिटावर ४६ किलो चालतं म्हणून भरलेली पापड-कुरडयांची बॅग मग मुंबईतच उघडावी लागते. वाचवलेले पैसे जादा वजनात जातात.

वेगळ्या तिकिटांचा खरा धोका मात्र वजनात नाही, व्हिसात आहे, आणि तो सगळ्यात जास्त लपलेला असतो. समजा, या जोडप्याच्या मुलाने मोबाइलवर एक स्वस्त जोडणी शोधली: मुंबई–पॅरिस एका कंपनीचं, पॅरिस–न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचं, दोन्हींची तिकिटं वेगळी, मधे सात तास. तो म्हणतो, "सातच तासांचा लेओव्हर आहे, आणि अमेरिकेचा व्हिसा असला की पॅरिसला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही." त्याचं दुसरं वाक्य खरं आहे, पण ती सूट फक्त विमानतळाच्या आत थांबण्यापुरती आहे. इथे दोन कंपन्यांमध्ये करार नसेल तर बॅगेचा टॅग पॅरिसपर्यंतच लागेल. बॅग पट्ट्यावर उतरेल, पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे आहे, आणि पलीकडे जायला शेंगेन व्हिसा लागतो. अमेरिकेचा व्हिसा त्या दारावर चालत नाही. मधला काळ सात तासांचा असला तरी कागदोपत्री हा फ्रान्समधला प्रवेश आहे.

ही गोष्ट बहुधा पॅरिसमध्ये कळत नाही, मुंबईतच कळते. काउंटरवरचा कर्मचारी टिमॅटिक नावाच्या यंत्रणेत पासपोर्ट, व्हिसा आणि मार्ग टाकून बघतो. व्हिसाशिवाय प्रवासी नेला तर कंपनीला दंड होतो, म्हणून तो अंदाज करत नाही, थेट नकार देतो. मुलाला फोन लावून उपयोग नसतो.

असाच एक फसवा मार्ग एकाच तिकिटावरही असतो. मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक–न्यूयॉर्क. थांबे दोन-तीन तासांचे, बॅग थेट न्यूयॉर्कला. तरीही शेंगेन व्हिसा लागतो, कारण फ्रँकफर्टहून म्युनिकचं विमान शेंगेनच्या आतलं आहे आणि त्यात बसायला इमिग्रेशन ओलांडावंच लागतं. युरोपमार्गे तिकीट घेताना मधे शेंगेन गटातले दोन विमानतळ येतात का, हे मी सगळ्यात आधी बघतो. आणि अमेरिका स्वतःच मधला थांबा असेल, म्हणजे कुणी तिथून मेक्सिकोला वगैरे जाणार असेल, तर विमानतळाच्या आत थांबण्याची सोयच नाही. तासाभरासाठीही व्हिसा हवा.

तिकीट एकच आहे की दोन, हे ओळखणं सोपं आहे. ई-तिकिटावर १३ आकडी क्रमांक असतो. एका क्रमांकात चार विमानांपर्यंतचा प्रवास मावतो, त्याहून जास्त असेल तर लगेच पुढचा क्रमांक जोडलेला असतो. एकाच प्रवाशाच्या नावावर एकमेकांशी संबंध नसलेले दोन क्रमांक दिसले, तर ती दोन तिकिटं आहेत, मग पैसे एकाच वेळी भरलेले असोत. अशा वेळी पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याचं बंधन नसतं. या नियमात आपली रेल्वेही येते. मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसने निघालेल्याची गाडी रेंगाळली, तर विमान कंपनी वाट बघत नाही. म्हणून सकाळी मुंबईत उतरून दुपारचं विमान पकडण्यापेक्षा रात्रीचं घ्या, असा माझा आग्रह असतो.

चिखलीच्या जोडप्याकडे परत येतो. ते न्यूयॉर्कला उतरतात. टॅगवर शार्लट लिहिलेलं असलं तरी बॅगा न्यूयॉर्कलाच घ्याव्या लागतात, कारण अमेरिकेत पहिल्या विमानतळावर प्रवाशाने सामान उचलून कस्टममधून न्यायचं असतं. पुढे दारालगतच ते परत देण्याचा पट्टा असतो, तिथे टाकलं की ते शार्लटला जातं. 'टॅग शेवटपर्यंतचा आहे' म्हणून बॅगा न घेताच पुढे निघालेले लोक शार्लटला रिकाम्या हाताने पोचतात. भारतातही सर्वसाधारण रीत हीच. परतीच्या तिकिटात मुंबई–संभाजीनगरचं विमान जोडलेलं असलं, तरी कस्टम मुंबईत होतं आणि बॅगा तिथल्या पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी मी मधे किमान चार तास ठेवतो, आणि पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर त्याहून जास्त.